मीटिंगच्या आदल्या दिवशीचा मेसेज

प्रश्न: उद्या टीमची मीटिंग आहे. सगळे तयारीनिशी यावेत म्हणून आज ग्रुपवर काय टाकू?

उत्तर: कुणी काय आणायचं ते लिहा. नुसतं "रिजेक्शनवर चर्चा" टाकलं की सगळे हात हलवत येतात. शिरोलीच्या आमच्या फाउंड्रीत मी दुपारी ४ च्या आत टाकतो; शिफ्ट सुटल्यावर रजिस्टर कोण उघडतंय! ओतलेल्या नगांत वायूमुळे पडणारी भोकं, म्हणजे ब्लोहोल, वाढले तर मेसेज असा:

"उद्या १० ते १०:४०, क्वालिटी रूम. ठरवायचं एकच: ब्लोहोल कशानं वाढले. सँड लॅब: आठवड्याची मॉइश्चर रीडिंग. मेल्टिंग: ओतण्याच्या तापमानाची नोंद. फेटलिंग: खराब ४ नग, हीट नंबरसकट. वाचलं की 'आणतो' लिहा."

नुसता अंगठा आला तर धरू नका, न वाचताही दाबतात. 'आणतो' न लिहिणाऱ्याला मी संध्याकाळी फोन लावतो. मॉइश्चरचे आकडे नसतील तर मीटिंगच पुढं ढकलतो.