रुपया वधारला की इंदूरच्या मंडीत काय होतं

प्रश्न: बातम्यांत 'रुपया मजबूत' असं ऐकलं की बरं वाटतं. पण चलन मजबूत असणं नेहमी चांगलंच असतं का? निर्यातदार, आयातदार, परदेशी फिरायला जाणारे आणि महागाई, यांच्यावर नेमका काय फरक पडतो? सोप्या भाषेत सांगा.

उत्तर: नाही, नेहमी नाही. कोणासाठी, किती वेगानं आणि कशामुळे वधारलं, यावर ते ठरतं. मी इंदूरजवळच्या एका सोया प्लांटमध्ये निर्यातीचं काम बघतो, म्हणून सोयाबीनवरूनच सांगतो. या एका दाण्यातून दोन वस्तू निघतात. एक परदेशी जाते, आणि दुसरीची टक्कर परदेशातून येणाऱ्या मालाशी असते. त्यामुळे रुपयाची चाल इथे दोन्ही बाजूंनी दिसते.

निर्यातदाराचं काय होतं?

एक क्विंटल सोयाबीन गाळलं की साधारण १८ किलो तेल आणि ८१ किलो डीओसी, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, हाती येते. बाकी घट. डीओसी मुख्यतः कोंबडीखाद्यात जाते. बरीचशी देशातच खपते, उरलेली बांगलादेश, नेपाळ आणि युरोपात. निर्यातीचा सौदा डॉलरमध्ये, टनावर होतो. देशातला भावही त्या निर्यातीच्या भावाकडे नजर ठेवूनच चालतो.

तेलाचं उलट आहे. इंदूरात सोया तेलाचा भाव दहा किलोवर बोलला जातो, पण त्याचं मूळ बंदरावर असतं. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त आपण बाहेरून आणतो: पाम इंडोनेशिया आणि मलेशियातून, सोया तेल मुख्यतः अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून. ते तेल बंदरावर ज्या भावाला पडतं, त्याच्या आसपासच आमचं तेल विकलं जातं. म्हणजे आम्ही एक थेंबही निर्यात केला नाही, तरी तेलाचा भाव डॉलरलाच बांधलेला.

आता हिशेब मांडू. आकडे समजायला सोपे पडावेत म्हणून गोल घेतो. डीओसी टनाला ४०० डॉलर, आयात कच्चं सोया तेल टनाला १,१०० डॉलर, त्यावर शुल्क १६.५ टक्के. डॉलर ९० रुपयांचा असेल तर डीओसी ३६ रुपये किलो आणि तेल शुल्क धरून साधारण ११५ रुपये किलो पडतं. एका क्विंटलमागे डीओसीचे २,९१६ आणि तेलाचे २,०७६, मिळून ४,९९२ रुपये. सोयाबीन ४,५०० ला घेतलं आणि गाळप, वीज, मजुरी, बंदरापर्यंतचं भाडं मिळून ३५० लागले, तर १४२ रुपये सुटतात.

रुपया वधारून डॉलर ८५ चा झाला. जगात भाव तेच. डीओसी ३४ रुपये किलो आणि तेल १०९ च्या जवळ. एकूण ४,७१५ रुपये. खर्च तोच ४,८५०. म्हणजे क्विंटलमागे १३५ रुपये खिशातून गेले. डॉलर साडेपाच टक्क्यांनी घसरला आणि नफ्याच्या जागी तोटा उभा राहिला, कारण कमाईचे दोन्ही हात डॉलरला बांधलेले आणि खर्च पूर्ण रुपयात.

मग हा तोटा सोसतो कोण?

प्लांट थोडे दिवस सोसतो, मग खरेदीचा भाव उतरवतो. सकाळी आठला मलेशियाचा पाम वायदा उघडतो, नऊला रुपया-डॉलर. त्यानंतर प्लांटचा दिवसाचा भाव ठरून दलालांच्या व्हॉट्सॲपवर जातो: इतके रुपये, प्लांट पोच, मॉइश्चर दहा टक्के. डॉलरचा त्या मेसेजात उल्लेखही नसतो. माझा मामेभाऊ सांवेरकडे शेती करतो, तो मला विचारतो, "दादा, माल चांगला, आवक कमी, तरी भाव का पडला?" वरच्या हिशेबातले २७७ रुपये पूर्ण मागे ढकलायचे म्हटले तर ४,५०० चं सोयाबीन ४,२२३ वर येतं. प्रत्यक्षात पूर्ण ढकलता येत नाहीत. भाव फारच पडला तर शेतकरी माल घरात थांबवतो, आणि प्लांट बंद ठेवणंही परवडत नाही. पण ज्यानं आयुष्यात डॉलर हातात धरला नाही, त्याच्याकडे त्यातला मोठा वाटा जातोच.

निर्यातदार बँकेकडे फॉरवर्ड करून पुढच्या दोन-तीन महिन्यांचे डॉलर आजच ठरलेल्या भावानं विकून ठेवू शकतो. आपल्याकडे व्याजदर अमेरिकेपेक्षा जास्त असल्यानं फॉरवर्डचा भाव सहसा आजच्या भावापेक्षा थोडा वरच मिळतो, त्यामुळे निर्यातदाराला ते गोडही लागतं. पण यानं हातातला सौदा वाचतो, पुढचा हंगाम नाही.

सगळे निर्यातदार एकसारखे मरत नाहीत, हेही सांगायला हवं. पीथमपूरच्या औषध कंपन्या कच्च्या मालाचा बराच भाग चीनमधून डॉलरमध्ये मागवतात. विक्रीत गेलेले रुपये थोडेफार खरेदीत परत मिळतात. सोया, कापड, मसाले अशा देशी मालावर चालणाऱ्या धंद्यांना ती उशी नाही.

डॉलर महाग म्हणजे रुपया कमजोर, इतकं सरळ आहे का?

नाही, आणि बातम्या नेमक्या इथेच फसवतात. आमची स्पर्धा अमेरिकेशी कमी, ब्राझील आणि अर्जेंटिनाशी जास्त आहे. त्यांचं चलन आपल्यापेक्षा जास्त घसरलं तर ते डॉलरमधला भाव उतरवतात, आणि डॉलर वर जाऊनही आम्ही महागच राहतो. आपल्याकडची महागाई त्या देशांपेक्षा जास्त असेल तरी हेच होतं, कारण मजुरी आणि भाडं वाढत जातं. म्हणून रिझर्व्ह बँक ४० देशांच्या चलनांशी तुलना करून, महागाईचा फरकही धरून, एक निर्देशांक काढते. २०१५-१६ म्हणजे १००, आणि आकडा त्याच्या वर गेला की रुपया तेव्हापेक्षा महाग. २०२४ च्या नोव्हेंबरात तो १०८ च्या वर होता, आणि त्याच महिन्यात डॉलरसमोर रुपया घसरत असल्याच्या बातम्या झळकत होत्या. निर्यातदाराच्या तक्रारीत किती दम आहे हे बघायचं तर रोजच्या डॉलरच्या भावापेक्षा मी हा आकडा बघतो.

आयातदाराची चैन असते का?

बहुतेक वेळा, हो. पाम तेल, कच्चं पेट्रोलियम, यंत्रं, खतं, सगळं स्वस्त पडतं. पण ज्यानं डॉलर ९० चा असताना जहाज भरून तेल घेतलं आणि तिथेच फॉरवर्ड करून भाव बांधला, त्याचा माल बंदरावर लागेपर्यंत डॉलर ८५ झाला, तर शेजारचा व्यापारी नवा माल स्वस्तात आणतो आणि पहिला हात चोळत बसतो. आयातदाराला स्वस्त डॉलर आवडतो, पण अचानक स्वस्त झालेला नाही.

महागाई खरंच उतरते का?

उतरते, पण वाटतं तेवढी नाही. रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण अहवालातला अंदाज असा की रुपया ५ टक्क्यांनी घसरला तर महागाई सुमारे ०.३५ टक्के बिंदूंनी वाढते. वधारला तर साधारण उलट. तेलाच्या डब्यावर फरक लवकर दिसतो, कारण तिथे भाव रोज हलतो. पेट्रोलपंपावर जवळपास दिसतच नाही. तिथल्या भावात करांचा वाटा मोठा, आणि तेल कंपन्या भाव महिनोन्‌महिने स्थिर ठेवतात.

शिवाय सरकार रुपयाला हात न लावताही तेच करू शकतं. मे २०२५ अखेर कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणलं, म्हणजे अधिभार धरून २७.५ वरून १६.५. तेलापुरतं बोलायचं तर हे डॉलर साडेआठ टक्क्यांनी घसरल्यासारखंच झालं. ग्राहकाला दिलासा मिळाला. त्याच वर्षी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ होता, मंडीत भाव त्याच्या बराच खाली राहिला, आणि मध्य प्रदेश सरकारला फरक भरून द्यायला भावांतर योजना आणावी लागली. भाव पडायला इतरही कारणं होती, पण स्वस्त तेल त्यातलं एक. डब्यावर वाचलेले पैसे आणि भावांतरात दिलेले पैसे या दोन बातम्या वेगवेगळ्या पानांवर छापल्या जातात.

आणि फिरायला जाणाऱ्यांचं?

हा सोपा भाग आहे. इथल्या बऱ्याच घरांची पहिली परदेशवारी दुबईची असते, आणि दिरहम डॉलरला ३.६७२५ या दरानं बांधलेला आहे. त्यामुळे डॉलरची चाल तशीच तिथे दिसते. ५,००० दिरहमचा खर्च धरला तर डॉलर ९० वरून ८५ झाल्यावर सुमारे ६,८०० रुपये वाचतात. मात्र कार्डानं पैसे दिले तर अनेक बँका परकीय चलन व्यवहारावर दोन ते साडेतीन टक्के लावतात, वर जीएसटी. रुपयानं दिलेल्यातला निम्मा फायदा तिथेच जाऊ शकतो. परदेशातल्या दुकानात मशीननं 'रुपयात द्यायचे का' असं विचारलं तर नाही म्हणा. तो रूपांतराचा भाव सहसा तुमच्या बँकेपेक्षाही वाईट असतो.

जपान किंवा युरोपला जाणार असाल तर डॉलरची बातमी बघून काही कळत नाही, येन आणि युरोसमोरचा रुपया बघावा लागतो. आणि ज्यांचा मुलगा अमेरिकेतून दरमहा हजार डॉलर पाठवतो, त्या आजोबांना ९०,००० ऐवजी ८५,००० मिळतात. त्यांच्यापुरता रुपया जेवढा कमजोर, तेवढा बरा.