शिफ्टचा आकडा शून्य करू नकोस, वजा कर

वेर्ण्याच्या प्लांटमध्ये रिपोर्टचं काम हाती घेतलंस, तर आधी एक बघ: शिफ्ट बदलताना पीएलसीतला काउंटर शून्य होतो का? होत असेल तर ते बंद करून घे. नेमका 7:00 ला स्काडाचा संपर्क तुटला, तर पूर्ण रात्रीचा आकडा गेला. पावसाळ्यात वीज कशी जाते ते तुला सांगायला नको.

काउंटर चालू राहू दे. 7, 15 आणि 23 वाजता त्याचं वाचन पीएलसीनेच वेगळ्या रजिस्टरमध्ये जपावं. स्काडाने ते नंतर उचललं तरी चालतं. शिफ्टचं उत्पादन म्हणजे दोन वाचनांतला फरक.

16 बिटांचा बिनचिन्ह काउंटर 65535 नंतर पुन्हा 0 वर येतो. सकाळी 64900 बॉक्स आणि दुपारी 3150, तर फरक उणे येईल. म्हणून:

```
d = end - start
if d < 0: d = d + 65536
```

उत्तर 3786. पण प्रोग्राम डाउनलोड करताना कोणी काउंटर शून्य केला, तर हेच सूत्र थाप मारतं: 20000 वरून 500 म्हणजे 46036 बॉक्स! मिनिटाला 10 बॉक्सची लाइन आठ तासांत 4800 च्या वर जाऊच शकत नाही. त्यामुळे मर्यादेबाहेरचा आकडा लाल दाखव, गुपचूप दुरुस्त करू नकोस. टॅगची क्वालिटी ‘बॅड’ असेल तर रकाना रिकामा ठेव, शून्य नको.

आणि रात्रपाळीला तारीख ती सुरू झाली त्या दिवसाची लाव.