बुटीकसाठी मास्टर टेलर शोधताना जाहिरातीत काय लिहावे आणि नमुना शिलाई कशी घ्यावी?

प्रश्न: «सांगलीत माझे लहान बुटीक आहे. शिवणाऱ्या दोन ताई आहेत, पण कटिंगसाठी मास्टर हवा आहे. जाहिरातीत काय लिहू, पैसे पगारावर ठरवू की नगावर, आणि काम येते की नाही हे कसे तपासू?»

उत्तर:

मीही सांगलीतच ब्लाउज आणि ड्रेस शिवून देण्याचे काम चालवते, म्हणून आपल्याकडच्या कामाला धरूनच सांगते.

जाहिरातीत ‘अनुभवी टेलर पाहिजे’ एवढेच लिहिले, तर सरळ शिलाई मारणारे कारागीरही येतील आणि माप घेऊन कापड कापणारे मास्टरही येतील. तुम्हाला दुसरा माणूस हवा आहे. त्यामुळे काम नावानिशी लिहावे. उदाहरणार्थ: ‘विश्रामबाग येथील बुटीकसाठी कटिंग मास्टर पाहिजे. अस्तराचे कटोरी व प्रिन्सेस कट ब्लाउज, पंजाबी ड्रेस, घागरा आणि शिवलेली नऊवारी यांचे माप, कटिंग व ट्रायल स्वतंत्रपणे करता आले पाहिजे. मासिक पगार, ठरलेल्या नगांपुढे नगावर जादा. नमुना शिलाई घेतली जाईल व तिचा मोबदला दिला जाईल.’ नऊवारी तुमच्याकडे खरोखर येत असेल तरच लिहा, कारण ती चांगली जमणारा मास्टर जास्त पगार मागतो आणि ते रास्त आहे. ही जाहिरात शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्यांकडे आणि अस्तर-लेस विकणाऱ्या दुकानांतही द्या, कारण कोणता मास्टर काम शोधतो आहे हे त्यांना बहुतेक वेळा ठाऊक असते.

शिवणाऱ्या ताईंना नगावर पैसे देणे योग्य आहे, पण मास्टरला केवळ नगावर ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे. नगावर असलेला मास्टर घाईने कापतो आणि ट्रायल व अल्टरेशनचा वेळ त्याला तोट्याचा वाटू लागतो, तर नुसत्या पगारावर लग्नसराईतील जादा कामाचा त्याला काहीच लाभ होत नाही. म्हणून दोन्हींचा मेळ घालावा. समजा, पगार 18,000 रुपये आणि त्यात महिन्याला 80 नगांचे कटिंग धरले, पुढच्या प्रत्येक नगाला 60 रुपये ठरवले. एखाद्या महिन्यात 130 नग झाले, तर 50 नगांचे 3,000 मिळून त्याला 21,000 रुपये मिळतील. हे आकडे केवळ हिशेब समजण्यासाठी आहेत. तुमचे दर तुमच्या शिलाईवरून बसवा. कटिंगच्या चुकीमुळे परत आलेला नग मोजायचा नाही आणि उचल किती व ती कशी वळती करायची, हे दोन्ही आधीच लिहून ठेवा.

नमुन्यासाठी अस्तराचा कटोरी ब्लाउज घ्यावा, कारण मापातील चूक त्यात लपत नाही. शिवलेला ब्लाउज देऊन ‘यावरून काप’ असे सांगू नका. ओळखीच्या बाईचे माप त्यालाच घेऊ द्या. छाती-कंबरेबरोबर तो अप्पर चेस्ट, टक्स पॉइंटची उंची, मुंढा आणि दंडघेर घेतो का, हे पाहा. सुती अस्तर कापण्याआधी भिजवले आहे का, असे त्याने स्वतःहून विचारले, तर ती फार चांगली खूण समजा, कारण न भिजवलेले अस्तर पहिल्या धुण्यात आटते आणि वरचे कापड चुण्या धरते.

त्याच मापाचे दोन ब्लाउज त्याच्याकडून कापून घ्या. एक त्याने शिवावा आणि दुसरा, त्याला न विचारता, तुमच्या एका ताईने शिवावा. माझ्या मते खरी परीक्षा हीच आहे. तुमच्याकडे रोजचे कटिंग दुसऱ्याच्याच हातात जाणार आहे, त्यामुळे खडूच्या खुणा स्पष्ट नसतील, कटोरीचे उजवे-डावे भाग जुळत नसतील किंवा माया कुठे किती सोडली हे कळत नसेल, तर ताईचा हात अडेल. मास्टरचा ब्लाउज सुरेख आणि ताईचा बिघडलेला निघाला, तर ताईला दोष देण्याआधी ते कटिंग तपासा.

मग दोन्ही ब्लाउज त्याच बाईला घालून बघा. हात वर केल्यावर सगळा ब्लाउज कंबरेतून वर ओढला जात असेल, तर मुंढा फार खाली कापला आहे. कटोरीच्या टोकाशी कापड पोकळ राहत असेल, तर टक्स पॉइंट चुकला आहे. मागचा गळा मोठा आणि शोल्डर घसरते, तर रुंद गळ्यासाठी शोल्डर कमी केलेले नाही. शेवटी ब्लाउज उलटा करून बाजूच्या शिलाईत निदान एक इंच माया आहे का, ते मोजा. ती नसेल तर पुढे ब्लाउज सैल करता येणार नाही.

पैठणीसारखे कापड चाचणीला देऊ नये, पण काठाची समज पाहायला हवी. त्यासाठी खणाचा एक तुकडा देऊन त्यावर फक्त खडूने आखणी करायला सांगा. खणाचा पन्हा लहान असतो, त्यामुळे दोन्ही बाह्यांना काठ सारखा येईल अशी मांडणी तो कशी बसवतो, आणि कापड पुरत नसेल तर कात्री लावण्याआधीच तसे सांगतो का, हे तेवढ्या आखणीत दिसते.