'होईल' नको आणि 'शक्यता आहे'ही नको, मग भविष्य लिहायचं कसं?

प्रश्न: सोसायटीच्या अंकात जूनचं मिथुन राशीचं भविष्य लिहायचंय, सूर्यराशीप्रमाणे. 'होईल, मिळेल' असं ठाम नकोय, पण प्रत्येक वाक्यात 'शक्यता आहे' घातलं की फार कोरडं होतं. दुसरं काय वापरू?

'शक्यता आहे', 'योग आहेत', 'संभवतो' हे तिन्ही काढूनच टाका. कोरडेपणा सोडा, मुळात ते भाकीतच आहे, फक्त हळू आवाजातलं. 'धनलाभाची शक्यता' वाचणाऱ्याच्या डोक्यात फक्त धनलाभ राहतो आणि 'पोटाचे विकार संभवतात' वाचून माणूस उगाच घाबरतो.

मराठीत यासाठी एक मस्त सोय आहे, '-ऊन बघणे'. 'विषय काढा' हा सरळ सल्ला झाला, 'विषय काढून बघा' म्हटलं की करून पाहायला सांगितलं पण पुढे काय होईल त्याचं वचन दिलं नाही, आणि बोलण्यात आपलेपणाही आला. त्याच्या आधी 'असेल तर' जोडा. म्हणजे 'बढती मिळेल'च्या जागी 'बढतीचं बोलायचं राहून गेलं असेल तर या महिन्यात साहेबांकडे विषय काढून बघा'. ज्याचं राहिलेलं नाही तो ते वाक्य सोडून पुढे जातो, त्याला खोटं काही सांगितलेलं नसतं.

एक जागा सांभाळा, 'तर'नंतर '-ईल' आलं की भाकीत मागच्या दाराने परत आत येतं. 'बोललात तर काम होईल' हे ठामच आहे. आणि 'काळजी घ्यावी, वाद टाळावेत' असं सगळं '-वं, -वेत'मध्ये लिहिलंत तर जिन्यातल्या सूचनाफलकाची भाषा होते, त्यापेक्षा सरळ 'जपा', 'सांभाळा' लिहा.

मी असं लिहीन:

'मिथुनेचा स्वामी बुध मानतात, म्हणून या महिन्यात थोडं बोलण्याकडे लक्ष देऊया. शाळा सुरू, पाऊस सुरू, लोकल लेट, त्यात घरी पोचल्यावर कुणावर चिडचिड होत असेल तर आधी चहा घ्या, मग बोला. जुन्या मैत्रिणीला फोन करायचा राहिला असेल तर करून बघा. पैशाचा मोठा निर्णय असेल तर कागद नीट वाचा, ते ग्रहांवर सोडू नका. भिजलात तर डोकं लगेच पुसा, तब्येतीला जपा.'

वर 'सूर्यरास, जन्म साधारण २१ मे ते २० जून' हे मात्र लिहाच. आपल्याकडे नुसतं रास म्हटलं की चंद्ररास समजतात. शिवाय हे सूर्यराशीचं कोष्टक सायन आहे, म्हणजे ऋतूंवरून मोजलेलं, आणि आपल्या पत्रिका बहुतेक निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून मोजलेल्या, त्यामुळे १० जूनला जन्मलेल्याच्या पत्रिकेत सूर्य वृषभेत दिसतो, चंद्र तर कुठल्याही राशीत असू शकतो, आणि मग लोक विचारत बसतात की मी मिथुनेचा की नाही.