सिग्नल अडतो तो आकाशात नाही, शेपटीजवळच्या वायरीत

*सर, मी ईएनटीसी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विमान हरवल्याची बातमी आली की ‘बीकनचा सिग्नल मिळाला नाही’ असं हमखास ऐकू येतं. विमानात बीकन असतो, वर उपग्रह असतात, मग सिग्नल का मिळत नाही? आणि माझ्या शिक्षणाचा या कामात काही उपयोग आहे का? बाबा म्हणतात, सोलापुरात राहून विमानाचं कसलं करिअर.*
*– एक विद्यार्थिनी, जुळे सोलापूर*

तुझ्या पहिल्या प्रश्नातच दुसऱ्याचं उत्तर दडलंय, म्हणून आधी तोच घेतो. या मार्गदर्शनाच्या कामाला लागण्याआधी मी बरीच वर्षं विमानांच्या एव्हिऑनिक्सवर, म्हणजे त्यांच्यातल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेवर, काम केलं आहे. त्यामुळे बीकनची पेटी मी हातात घेतलेली आहे, उघडलेली आहे, तिची बॅटरी बदललेली आहे.

विमानातल्या बीकनला, म्हणजे अपघात झाला की आपोआप सिग्नल सोडणाऱ्या पेटीला, आम्ही ईएलटी म्हणतो. भडक नारिंगी रंगाची, जेवणाच्या डब्याएवढी पेटी. ती बहुतेक वेळा विमानाच्या शेपटीकडे बसवतात, कारण आपटल्यावर तोच भाग त्यातल्या त्यात धड राहतो. आत एक जी-स्विच असतो. विमानाचा वेग एका झटक्यात ठरावीक मर्यादेपलीकडे तुटला की तो बीकन चालू करतो. वैमानिकाला काहीही दाबावं लागत नाही. मात्र पहिला संदेश लगेच जात नाही, साधारण ५० सेकंदांनी जातो. चुकून चालू झाला तर बंद करायला तेवढी सवड ठेवलेली असते. ही ५० सेकंदं लक्षात ठेव, पुढे लागतील.

त्यानंतर दर ५० सेकंदांच्या आसपास ४०६ मेगाहर्ट्झवर ५ वॅटचा एक झटका जातो, अर्ध्या सेकंदाचा. त्यात बीकनची ओळख असते आणि देशाचा क्रमांकही. भारताचा ४१९. पूर्वी उपग्रह १२१.५ मेगाहर्ट्झचा सिग्नल ऐकायचे, त्यात नुसता आवाज होता, नाव-गाव काही नाही. गड्ड्याच्या यात्रेत हरवलेलं पोर नुसतं रडत असतं आणि स्पीकरवर काय पुकारायचं ते कुणाला कळत नाही, तसं ते होतं. ४०६ वालं पोर स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि गाव सांगतं. म्हणून १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रहांनी १२१.५ ऐकणं बंद केलं.

आता उपग्रहाला जागा कशी कळते ते बघ. संध्याकाळी होटगीच्या बाजूला रुळांजवळ उभी राहा. गाडी हॉर्न वाजवत येते तेव्हा सूर चढा असतो, पुढे निघून गेली की उतरतो. तू रुळाला अगदी खेटून असशील तर सूर एकदम खाली पडतो. शेतात अर्धा किलोमीटर आत असशील तर तो हळूहळू घसरतो. डोळे मिटूनही दोन गोष्टी सांगता येतात: गाडी समोरून कधी गेली, आणि रूळ किती लांब आहे.

कॉस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय शोध-बचाव यंत्रणेचे खालच्या कक्षेतले उपग्रह हेच करतात. पहिला १९८२ साली सोडला. फरक एवढाच की इथे हॉर्न जमिनीवर आहे आणि ऐकणारा धावतोय. साधारण ८५० किलोमीटर उंचीवरून, सेकंदाला ७ किलोमीटरहून जास्त वेगाने. तो क्षितिजावर येतो तेव्हा ४०६ मेगाहर्ट्झ त्याला जवळजवळ ९ किलोहर्ट्झ वर ऐकू येतं, मावळताना तेवढंच खाली. समज, वेल्ह्याच्या डोंगरात एक छोटं विमान पडलं आणि उपग्रह पंधरा मिनिटं नजरेत राहिला. तेवढ्यात त्याच्या पदरात १७-१८ झटके पडतात. ते आलेखावर मांडले की आडव्या पडलेल्या एस अक्षरासारखी रेघ मिळते. फरक शून्य झाला तो क्षण सांगतो की उपग्रह आपल्या मार्गावर नेमका कुठे असताना बीकन त्याच्या बरोबर बाजूला होता. रेघेचा उतार सांगतो, मार्गापासून किती लांब.

पण डावीकडे की उजवीकडे? हा पेच खरा आहे. दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरावर दोन जागा निघतात, एक वेल्ह्यात आणि दुसरी शेकडो किलोमीटर पलीकडे. खाली पृथ्वीही फिरत असते, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या रेघांत बारीकसा फरक पडतो आणि त्यावरून कोणती जागा खरी असण्याची शक्यता जास्त ते ठरतं. पुढचा उपग्रह आला की शंकाच मिटते. उत्तर साधारण ५ किलोमीटरच्या आत येतं. अडचण वेळेची असते, कारण असा उपग्रह डोक्यावर यायला कधी तासभर, कधी त्याहून जास्त थांबावं लागतं. म्हणूनच आता जीपीएस आणि गॅलिलिओसारख्या वीसेक हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांवरही हे रिसीव्हर बसवले आहेत. एकच झटका एकाच वेळी अनेक उपग्रहांना पोचतो, प्रत्येकाला तो किती वाजता आणि किती फ्रीक्वेन्सीला मिळाला यावरून काही मिनिटांत जागा काढता येते.

भारतात हे सिग्नल उतरवून घेणारी केंद्रं बेंगळुरू आणि लखनऊला आहेत, नियंत्रण केंद्र इस्रोच्या इस्ट्रॅक या उपग्रहांशी संपर्क ठेवणाऱ्या विभागात, बेंगळुरूलाच. तिथून निरोप बचाव समन्वय केंद्राकडे जातो. केंद्रातला माणूस आधी नोंदणीतल्या नंबरवर फोन लावतो, कारण बहुसंख्य इशारे खोटे निघतात. कुणी जोरात उतरलेलं असतं, कुणी दुरुस्तीत पेटी आपटलेली असते. म्हणून नोंदणीतला फोन नंबर जुना असणं हा मला मोठा गुन्हा वाटतो. एका निनावी ठेवावं अशा हँगरमध्ये मी पाहिलं होतं, पेटी चकचकीत, बॅटरी ताजी, आणि नोंदणीत विमान विकून टाकलेल्या आधीच्या मालकाचा नंबर.

५ किलोमीटरच्या वर्तुळात जंगल असेल तर माणूस कसा सापडतो? इथे ते जुनं १२१.५ पुन्हा कामाला येतं. उपग्रहांनी ऐकणं सोडलं असलं तरी बीकन ते अजून पाठवतो, हेलिकॉप्टरला आणि पायी जाणाऱ्यांना मागावर राहण्यासाठी. पायी शोधताना विमानांच्या फ्रीक्वेन्सी ऐकणारा साधा एअरबँड रेडिओ छातीशी घट्ट धरतात आणि जागच्या जागी हळूहळू गोल फिरतात. जिथे आवाज सर्वांत क्षीण होतो, तिथे बीकन बरोबर पाठीमागे असतो, कारण मध्ये आपलंच शरीर आडवं येतं. जवळ गेल्यावर आवाज इतका मोठा होतो की दिशा कळेनाशी होते. मग रेडिओचा अँटेनाच काढून टाकायचा आणि पुन्हा फिरायचं. दरीत मात्र कड्यावरून परतलेला सिग्नल फसवतो.

आता तुझा ‘का मिळत नाही’. सगळ्यात बोचरं कारण उपग्रहाकडे नाहीच. पेटी शेपटीत शाबूत राहते, जी-स्विच चालतो, झटके निघतात, पण पेटीपासून विमानाच्या पाठीवरच्या अँटेनापर्यंत जाणारी हातभर कोअॅक्स केबल तुटलेली असते. नाहीतर अँटेनाच मोडलेला असतो, किंवा विमान उलटं पडून तो मातीत गेलेला असतो. नासाने २०१५ साली लँगली केंद्रात तीन जुनी सेस्ना १७२ विमानं उंचावरून पाडून नेमकं हेच तपासलं होतं. पेटी आणि अँटेना विमानाच्या एकाच सलग भागावर हवेत, म्हणजे धड तुटलं तरी दोन्ही बरोबर राहतात. केबल ताणून न लावता थोडी सैल ठेवायची. पेटी वेल्क्रोच्या पट्ट्यावर न भागवता धातूच्या पट्ट्याने आवळायची. या तीन गोष्टी हँगरमधला माणूस करतो किंवा करत नाही. शिवाय आग लागली तर ती पहिली ५० सेकंदंसुद्धा पुरी होत नाहीत.

पाण्यात गेलं तर गणितच बदलतं. ४०६ मेगाहर्ट्झची लहर खाऱ्या पाण्यात काही सेंटिमीटरांत मरते. बीकन बुडाला की उपग्रहाच्या लेखी तो नाहीच. तिथे काम करतो पिंगर, फ्लाइट रेकॉर्डरला जोडलेला. तो रेडिओ नाही, ३७.५ किलोहर्ट्झचा ध्वनी सोडतो. जून २०१५ मध्ये तटरक्षक दलाचं एक डॉर्निअर तमिळनाडूच्या किनाऱ्यापलीकडे तीन जणांसह नाहीसं झालं. नौदलाच्या सिंधुध्वज पाणबुडीने पाण्याखालचा तो आवाज पकडला आणि जुलैत सुमारे ९५० मीटर खोलीवरून रेकॉर्डर वर काढला गेला. पिंगर एक-दोन किलोमीटरपलीकडे क्वचितच ऐकू येतो, म्हणून कान पाण्याखाली न्यावा लागतो. एअर फ्रान्सचं ४४७ १ जून २००९ ला अटलांटिकमध्ये पडलं, त्याचे अवशेष सुमारे ३,९०० मीटर खोल होते आणि सापडायला जवळपास दोन वर्षं गेली. तेव्हा पिंगरची बॅटरी ३० दिवसांची असे. त्यानंतरच ती ९० दिवसांची करण्याचा नियम आला.

आता बाबांच्या प्रश्नाकडे. वरच्या सगळ्या साखळीत मला ज्या माणसाची सर्वांत जास्त किंमत वाटते तो बी-२ लायसन्सवाला, म्हणजे एव्हिऑनिक्सचा विमान देखभाल अभियंता. कोअॅक्सचा सांधा, बॅटरीवरची तारीख, नोंदणी, सेल्फ-टेस्ट हे सगळं त्याच्या सहीखाली जातं. सेल्फ-टेस्टमध्ये पेटी वेगळा ‘चाचणी’ शिक्का असलेला संदेश सोडते, उपग्रह यंत्रणा तो इशारा धरत नाही. पण काही पेट्यांचा हिरवा दिवा पेटीपुरतंच खरं बोलतो, अँटेनाचं नाही. डिप्लोमानंतर डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेची, मान्यता असलेल्या संस्थेतून हा मार्ग घेता येतो. प्रवेशाआधी संस्थेची मान्यता डीजीसीएच्या यादीत स्वतः बघ, माहितीपत्रकावर विश्वास ठेवू नकोस. ही संस्था सोलापूरबाहेर असेल आणि फी जड असेल, हे बाबांना आधीच सांग.

दुसरा रस्ता, फर्स्ट क्लास डिप्लोमावर इस्रोची टेक्निकल असिस्टंटची परीक्षा. जागा थोड्या निघतात. तिसरा, डायरेक्ट सेकंड इयरला इंजिनीअरिंग करून विमानतळ प्राधिकरणाची ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह इलेक्ट्रॉनिक्सची भरती. विमानतळावरची संपर्क आणि दिशादर्शनाची यंत्रणा सांभाळायचं ते काम. मी तुझ्या जागी असतो तर पहिला धरला असता, कारण तुला पडलेला प्रश्न त्याच टेबलावरचा आहे.

तोवर घरच्या गच्चीवर एक कर. कॉलेजमधून एसडीआर डोंगल, म्हणजे लॅपटॉपला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर, मिळव. ४०६ किंवा १२१.५ वर काहीही पाठवायचं नाही, चुकूनही नाही, तुला फक्त ऐकायचंय. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचा हौशी रेडिओ १४५.८२५ मेगाहर्ट्झवर चालू असला की त्यातून बीकनसारखेच छोटे छोटे झटके येतात. येताना ते सुमारे साडेतीन किलोहर्ट्झ वर दिसतील, जाताना तेवढेच खाली. प्रत्येक झटक्याची वेळ आणि फ्रीक्वेन्सी वहीत लिही. स्थानकाची एक फेरी अगदी डोक्यावरून जाणारी घे, एक क्षितिजाला लागून जाणारी. दोन्ही आलेख एकाच कागदावर काढ, आणि कोणता कोणाचा हे न लिहिता मला पाठव. उतारावरून ओळखून कळवतो.