पॉलिशखालून परत वर येणारं पांढरं वर्तुळ कसं घालवायचं

प्रश्न: पावसात भिजलेले माझे ब्राऊन लेदरचे ऑफिस शूज वाळल्यावर पुढच्या बाजूला पांढरी वाकडीतिकडी रेघ उमटली. पॉलिश मारलं की जाते आणि दोन दिवसांत परत येते. एक स्वेडची जोडी पण आहे, तिच्यावर पाण्याचे गोल डाग पडलेत. घरच्या घरी काही होईल का? (सातारा)

उत्तर:

होईल, पण आधी पॉलिश बंद करा. मी सांगलीत चपला-बुटांच्या दुरुस्तीचं आणि साफसफाईचं काम करतो आणि जून लागला की रोज कोण ना कोण हीच तक्रार घेऊन येतं, आणि बहुतेकांनी आणायच्या आधी त्यावर दोन-चार वेळा पॉलिश चढवलेलंच असतं.

ती रेघ नेमकी काय आहे ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. पावसाळ्यात भिंतीला जसा लोणा लागतो ना, अगदी तोच प्रकार. चामड्यात मीठ असतंच, कातडी कमावताना वापरलेले क्षार थोडेफार उरतात, शिवाय पायाच्या घामाचं मीठ आतून मुरत जातं, वर रस्त्यावरच्या चिखलपाण्यातले क्षार. आमच्याकडं मिरज-वाळवा-पलूस भागात तर जमिनीच क्षारपड, उन्हाळ्यात शेताच्या कडेला पांढरी साय धरलेली दिसते, तिथला चिखल बुटाला लागला की वेगळं सांगायला नको. बूट भिजला की हे सगळं पाण्यात विरघळतं आणि वाळताना पाणी ओल्या भागाच्या कडेकडे सरकत जातं, तिथून ते उडून जातं आणि क्षार तिथंच बसतात. म्हणून डाग मधोमध नसतो, ओलं आणि कोरडं जिथं भेटलं त्या रेघेवर असतो. स्वेडवरचे गोल डाग पण असेच, फक्त तिथं मिठाच्या जोडीला रंग आणि धूळ पण वाहत जाऊन कडेला साचते म्हणून कड गडद दिसते.

आता पॉलिश का टिकत नाही ते कळलं असेल. वॅक्सचा थर वरून बसतो, मीठ खालीच राहतं, हवेतला दमटपणा पीत राहतं आणि परत वर येतं. नुसतं दिसण्याचं नुकसान असतं तर चाललं असतं, पण हे खडे चामड्याच्या वरच्या थरात बसून बोटांपाशी जिथं बूट रोज वाकतो तिथं तडे पाडतात, आणि तडा गेला की मग तो भरून येत नाही.

पण पांढरं दिसलं म्हणजे मीठच असं नाही, हे आधी तपासा. ओल्या बोटाने रेघेवर टेकवा. ओलं असेपर्यंत रेघ गायब आणि वाळल्यावर परत जशीच्या तशी, आणि कोरड्या बोटाला जरा खरखरीत लागत असेल तर मीठ. डाग ठिपक्याठिपक्यांचा, मऊ, शिवणीपाशी आणि आतल्या अस्तरावर पण असेल आणि कपाट उघडल्यावर कुबट वास येत असेल तर ती बुरशी, तिचा इलाज वेगळा. आणि तिसरी एक तेलकट पांढरी झाक असते, चामड्यातली चरबी वर येते, त्यावर हेअर ड्रायरची कोमट हवा लांबून मारली की ती विरघळून नाहीशी होते, मीठ तसं होत नाही. तुमचं वर्णन वाकडीतिकडी रेघ आणि पुन्हापुन्हा येणं असं आहे, त्यामुळे मीठच धरून सांगतो.

आधी लेदरचे शूज. बूट पूर्ण वाळलेला पाहिजे, लेस काढा, कोरड्या ब्रशने चिखल आणि वरची पांढरी पूड झाडून घ्या, ओल्या फडक्याने आधीच पुसलं तर तीच पूड परत आत जाते. पॉलिशचे थर चढलेले असतील तर न्यूट्रल क्लीनर मिळतो तो लावून ते काढून टाका, नाहीतर पाणी आत पोचणारच नाही.

मग किराणा दुकानात पांढरं व्हिनेगर मिळतं ते घ्या, एक भाग व्हिनेगर आणि दोन भाग पाणी. आणि पाणी कुठलं यावर माझा जोर आहे, बोअरचं अजिबात नको. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरा थर धरतो, तेच पाणी बुटावर मारून मीठ कसं निघणार. बॅटरीत घालायला दुकानात डिस्टिल्ड वॉटर मिळतं ते आणा (अॅसिड नव्हे, बाटलीवर नीट वाचून घ्या). ते नसेल तर पत्र्यावरचं नाही, थेट उघड्यावर भांड्यात धरलेलं पावसाचं पाणी पण चालेल.

जुन्या बनियनचा तुकडा त्यात बुडवून घट्ट पिळून घ्या आणि रेघेवर टेकवा, उचला, टेकवा, उचला. घासायचं नाही, घासलं की मीठ पसरतं आणि ब्राऊन रंग पण उतरतो. दरवेळी फडक्याची स्वच्छ बाजू घ्या, कारण मीठ फडक्यात येतंय, तेच परत लावलं तर काय उपयोग. आधी बुटाच्या लेसखालच्या जिभेच्या आतल्या बाजूला करून बघा, फडक्याला भरपूर रंग लागला तर व्हिनेगर आणखी पातळ करा.

इथंपर्यंत बरेच जण करतात आणि इथंच थांबतात, आणि मग म्हणतात की व्हिनेगर लावलं तिथं नवीनच वर्तुळ आलं. येणारच, तुम्ही परत एक ओला तुकडा आणि त्याला एक कड तयार केलीत. म्हणून रेघ पुसून झाली की साध्या डिस्टिल्ड पाण्याच्या पिळलेल्या फडक्याने तो अख्खा भाग सारखा ओलसर करायचा, म्हणजे चामड्याचा तो तुकडा एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत. पुढच्या तुकड्यावर रेघ असेल तर टोकापासून लेसखालच्या शिवणीपर्यंत पूर्ण. ओल्याची कड शिवणीत गेली की ती दिसत नाही आणि मधे कुठं रेघ बसायला जागाच राहत नाही. भिजवायचं नाही हां, नुसता रंग एकसारखा गडद दिसला की बास. आणि दोन्ही बुटांना करा, डाग एकावरच असला तरी, नाहीतर वाळल्यावर दोघांच्या छटा वेगळ्या दिसतात.

आत कोरे कागद कोंबा, वर्तमानपत्र चालतं पण फिक्या अस्तराला शाई लागते. आणि वाळू द्या सावलीत, पंख्याच्या खोलीत, पावसाळ्यात दीड-दोन दिवस जातात, कागद ओले झाले की बदला. ऊन, गॅसजवळ, गरम हेअर ड्रायर, फ्रीजमागची गरम जागा, यातलं काहीच नको. ओलं चामडं गरम झालं की आक्रसून कडक होतं आणि ते परत मऊ होत नाही. सर्वात जास्त बूट मी यानेच मेलेले बघतो, मिठाने नाही.

वाळल्यावर रेघ फिकी पण शिल्लक असेल तर घाबरू नका, खोलवरचं मीठ वर आलेलं असतं, परत एक फेरी करा. रेघ पूर्ण गेली की मगच न्यूट्रल शू क्रीम पातळ हाताने, ते मुरल्यावर पॉलिश. खोबरेल तेल लावू नका, रंग काळपट होतो, धूळ धरतं आणि साधारण २४ अंशांखाली ते गोठतं, म्हणजे साताऱ्याच्या थंडीतल्या सकाळी आणखी एक पांढरी झाक. खायचा सोडा आणि कपड्यांचा साबण पण नको, दोन्ही चामड्याला मानवत नाहीत आणि सोडा तर स्वतःच पांढरा डाग सोडतो.

आता स्वेड. मुद्दा तोच, फक्त हात हलका. गेल्या पावसात मिरजेची एक मुलगी फिक्या तपकिरी स्वेडचे लोफर घेऊन आली होती, स्टेशनवरून चालत येताना पुढचा अर्धा भाग भिजलेला आणि मधोमध गडद रेघ, रेघेच्या बाहेर बारीक पांढरं. आधी कोरड्या टूथब्रशने लव उलटसुलट झाडली, मग साध्या पांढऱ्या खोडरबराने रेघ खोडली, रंगीत रबर नको, त्याचा रंग लागतो. एवढ्याने पांढरं गेलं, गडद रेघ राहिली. रेघेवर व्हिनेगरचं पिळलेलं फडकं नुसतं टेकवलं, त्यानंतर केसांना पाणी मारायच्या बारीक फवाऱ्याने डिस्टिल्ड पाणी लांबून पूर्ण पुढच्या भागावर शिवणीपर्यंत मारलं, थेंब पडू द्यायचे नाहीत, धुकं बसल्यासारखं. लगेच पांढरं सुती कापड दाबलं, त्यावर पिवळसर-तपकिरी पाणी आलं, म्हणजे रेघेत साचलेला मळ निघतोय. आत कागद कोंबून ठेवले आणि किंचित दमट असतानाच एका दिशेने ब्रश मारला. हे महत्त्वाचं, पूर्ण कडक वाळल्यावर लव चिकटून बसते. तरी कुठं चिकटलीच तर चहाच्या भांड्याची वाफ वीतभर अंतरावरून क्षणभर द्या आणि लगेच ब्रश करा.

वरची रेघ पूर्ण गेली. सोलच्या कडेला मात्र हलकी गडद छटा राहिली, तिथं गोंद मुरलेला असतो, तो पाण्याने हलत नाही. त्यावर स्वेडचा रंगीत स्प्रे मारला की चालून जातं, मी तिला तसं स्पष्ट सांगितलं होतं. स्वेडला क्रीम, पॉलिश, तेल कधीच नको, लव कायमची बसते.

काही गोष्टी यातून होणार नाहीत. रेघेच्या जागी नखाने बारीक भेगा लागत असतील तर वरचा थर फुटलाय, तिथं रंग भरून झाकता येतं, पूर्ववत नाही. ‘लेदर’ म्हणून घेतलेला बूट पाण्याचा थेंब अजिबात पीत नसेल आणि पापुद्रे सुटत असतील तर तो बहुतेक रेग्झिनचा, त्याला हे सगळं करण्यात अर्थ नाही. आणि कोल्हापुरी चपलेला व्हिनेगर लावू नका, ती वेगळ्या पद्धतीने कमावलेल्या चामड्याची असते, तिला फक्त साध्या पाण्याने सारखं ओलसर करून सावलीत वाळवा.

अजून एक, सगळं करूनही रेघ नेमकी बोटांच्या वाकण्यावरच परत येत असेल तर मीठ बाहेरचं नाही, घामाचं आहे. मग आतलं अस्तर त्याच व्हिनेगरच्या पाण्याने पुसून घ्या, इनसोल काढून वेगळा वाळवा आणि तो बूट लागोपाठ दोन दिवस घालू नका, एक दिवस मधे जाऊ द्या. वॉटरप्रूफ स्प्रे मारायचा तर हे सगळं झाल्यावर, पूर्ण कोरड्या बुटावर, आधी मारलात तर मीठ आत कोंडलं जाईल.

तुम्ही आज रेघ ओल्या बोटाने तपासून बघा आणि स्वेडचा रंग कुठला ते खाली लिहा, लाल किंवा गडद निळा असेल तर व्हिनेगर लावायच्या आधी थांबा, ते रंग जास्त सुटतात.