तिसरीतल्या त्या मुलाबद्दल

प्रिय सहकारी,

सप्रेम नमस्कार. तुम्ही पाठवलेली वहीची पाने मी दोनदा वाचली. तिसरीतला एक मुलगा तोंडी सगळे सांगतो, पण नवे काही वाचायला उभा राहिला की अडखळतो. मुख्याध्यापक म्हणतात आळशी आहे, आई म्हणते लक्ष नाही, आणि याला अध्ययन अक्षमता असेल का, असे तुम्ही विचारता. त्याचे निश्चित उत्तर तुम्ही किंवा मी देऊ शकत नाही. ते काम बालरोगतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ यांचे. परंतु त्याला तज्ज्ञांकडे पाठवायचे की नाही आणि पाठवायचे असेल तर सोबत काय लिहून द्यायचे, हे तुम्हीच ठरवायचे आहे, कारण दोन शिक्षकी शाळेत त्याला रोज पाहणारे दुसरे कोणी नाही.

कायद्यानेही हे काम शाळेवर सोपवले आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखणे ही शैक्षणिक संस्थेची जबाबदारी मानली आहे. केंद्र शासनाच्या 2018 मधील मार्गदर्शक सूचनांनुसार शिक्षकांनी ही प्राथमिक चाचपणी तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा, करायची आहे. आठ वर्षांची अट अकारण नाही. पहिलीत उलटी अक्षरे काढणारी आणि मात्रा गाळणारी बहुतेक मुले पुढे आपोआप सावरतात. मात्र प्रमाणपत्रासाठी आठ वर्षांपर्यंत थांबावे लागते, म्हणून मदतीसाठीही थांबावे, असा त्याचा अर्थ कोणी घेऊ नये.

प्रथम इतर कारणे बाजूला काढा. त्याला शेवटच्या रांगेत बसवून फळ्यावरचे उतरवून घ्यायला सांगा. त्याच्या मागे हातभर अंतरावर उभे राहून कुजबुजत्या आवाजात चार-पाच शब्द म्हणा आणि ते त्याला परत म्हणायला लावा. नजर किंवा ऐकणे यांपैकी कशाबद्दल शंका आली, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल तेव्हा त्यांना हा मुलगा आवर्जून दाखवा. गेल्या दोन वर्षांची हजेरी पाहा, कारण ऊसतोडीला जाणाऱ्या घरातले मूल चार-पाच महिने शाळेबाहेर असेल, तर त्याचे मागे पडणे हे शिकवणीअभावी असू शकते. घरची बोलीही विचारा. ज्या घरात ‘ण’ आणि ‘न’ वेगळे उच्चारतच नाहीत, तिथल्या मुलाने ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ लिहिले तर ती बोली आहे, दोष नव्हे.

आता मुख्य कसोटी. तुम्ही एक अनोळखी गोष्ट वाचून दाखवली आणि सहा प्रश्न विचारले, तेव्हा त्याने पाच उत्तरे बरोबर दिली. तितक्याच अवघड आणि जवळपास चाळीस शब्दांच्या दुसऱ्या उताऱ्याला त्याने तीन मिनिटांहून जास्त वेळ घेतला आणि त्यावर दोनच उत्तरे दिली. ऐकून समजणे आणि वाचून समजणे यांतील ही दरी हा तुमच्या वहीतला सर्वांत बोलका पुरावा आहे. दोन्हीकडे सारखेच अडले असते, तर आपल्याला भाषेचा किंवा एकूण आकलनाचा विचार करावा लागला असता.

पाठ्यपुस्तकाचे पान तो धडाधड वाचतो, असे तुम्ही लिहिले आहे. त्यावर विसंबू नका. पुष्कळ मुले, विशेषतः शांत मुली, पान ऐकून पाठ करतात आणि वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाहीत. म्हणून तुम्ही त्याला दहा निरर्थक शब्द लिहून दिलेत, ते योग्यच झाले: लुबी, नोगे, मिटप असे. हे पाठ असणे शक्य नाही, ते अक्षर आणि मात्रा जुळवूनच वाचावे लागतात. तो त्यांतले दोनच वाचू शकला, आणि खऱ्या शब्दांत ‘विहीर’ला ‘विमान’ म्हणाला. म्हणजे पहिले अक्षर पाहून बाकीचे तो अंदाजाने भरतो.

यानंतर कागद बाजूला ठेवून तोंडी विचारा: ‘कपाट’मधून ‘क’ काढला तर काय उरते? तिसरीतल्या बहुतेक मुलांना ‘पाट’ हे उत्तर सापडते. ज्याला शब्दाच्या ध्वनींचे असे तुकडे पाडता येत नाहीत, त्याची अडचण अक्षरओळखीच्याही आधीची आहे.

लेखनात चुका मोजण्यापेक्षा त्यांची जात पाहा. ‘सकाळी’चे ‘सकळ’ आणि ‘मोर’चे ‘मर’ होणे, म्हणजे मात्राच नाहीशी होणे, हे तिसरीत चिंतेचे आहे. ऱ्हस्व-दीर्घाची चूक मात्र सोडून द्या, ती मोठ्यांचीही होते. घ-ध किंवा भ-म यांची अदलाबदल एखाद्या वेळी दुर्लक्षिण्यासारखी आहे, पण सराव देऊनही ती रोज होत असेल तर नोंदवा. फळ्यावरून उतरवताना नीट आणि श्रुतलेखनात विस्कळीत, असे असेल तर अडचण हाताची नाही. अंकांबद्दल एवढेच सांगतो की आपण ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी उच्चारतो, तेव्हा एखाद्याने 52 लिहिले यावरून लगेच काही ठरवू नये.

एनसीईआरटीची ‘प्रशस्त’ ही तपासणीसूची जरूर भरा, पण वरील नोंदी झाल्यानंतर. आधी खुणा करून मग मूल पाहिले, तर आपल्याला तेच दिसू लागते.

एवढ्यावरही त्याला पाठवायची घाई नको. वर्गातल्या आणखी दोन कच्च्या मुलांसह त्याचा छोटा गट करा आणि आठ आठवडे, रोज वीस मिनिटे, एका वेळी दोनच मात्रा घेऊन ध्वनी, अक्षर आणि शब्द असे शिकवा. दर शनिवारी दहा नवे निरर्थक शब्द वाचून घ्या आणि आकडा तारखेसह लिहा. इतर दोघे दोनवरून सात-आठवर पोहोचले आणि हा तीनवरच रेंगाळला, तर शिकवणीअभावीचे मागे पडणे आणि अक्षमतेची शक्यता यांतला फरक तुमच्या हाती लागेल. तिघेही वर चढले, तर कोणालाच पाठवण्याची गरज नाही. या काळात त्याला सर्वांसमोर अनपेक्षितपणे वाचायला उभे करू नका आणि परिसर अभ्यासाची उत्तरे तोंडी घ्या.

पाठवायचे ठरले, तर केंद्रप्रमुखांमार्फत गटसाधन केंद्रातील समावेशित शिक्षणाच्या विशेषतज्ज्ञांना लेखी कळवा. त्यांच्याकडून जिल्हा रुग्णालयाकडे मार्ग निघतो, पण त्याला महिने लागू शकतात, आणि म्हणून वीस मिनिटांचा तास तोवर बंद पडू देऊ नका. पत्रात ‘याला डिस्लेक्सिया आहे’ असे लिहू नका, ‘ऐकून सहापैकी पाच, वाचून दोन’ असे लिहा. आईशी बोलतानाही निदानाचा शब्द नको. त्याला काय जमते ते आधी सांगा, मग घरात आणखी कोणाला लहानपणी वाचन जड गेले होते का, ते विचारा. ही अडचण अनेकदा कुटुंबात आढळते, आणि बापाने स्वतःची आठवण सांगितली की ‘आळशी’ हा शब्द घरातून बहुधा निघून जातो.

वहीची एक प्रत स्वतःकडे ठेवा. चौथीनंतर तो दुसऱ्या शाळेत जाईल, तेव्हा मूळ वही दाखल्याबरोबर न पाठवता नव्या वर्गशिक्षकांच्या हाती स्वतः द्या, कारण कार्यालयातल्या फायलीत गेलेले पान वर्गापर्यंत क्वचितच पोहोचते.

तुमचा,
एक निवृत्त केंद्रप्रमुख